सायकलने ऑफिसला: घाम, चेनचं काळं आणि इस्त्रीचे कपडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न पाच ते बारा किलोमीटर सायकल मारून कामावर जाणाऱ्यांचे आहेत, आणि उत्तरं मुख्यतः पुण्याच्या हवेला धरून आहेत. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत लायक्रा घालून जाणाऱ्यांसाठी ही माहिती नाही. साडेनऊच्या मीटिंगमध्ये कोणाला वास येऊ नये आणि पँटवर काळे ठिपके दिसू नयेत, इतकीच ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी आहे.

घामालाही चालेल आणि ग्रीसलाही, असं एकच कापड कोणतं?

असं कापड नाही, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. साध्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के ओल धरतो, तर कापूस सात-आठ टक्के. त्यामुळे पॉलिस्टरचा टीशर्ट पंख्याखाली पटकन वाळतो आणि सुती शर्ट पाठीला चिकटून बसतो. पण पाण्याला दूर ठेवणारा हाच धागा तेलाला मात्र जवळ करतो. चेनचं काळं पॉलिस्टरवर लागलं की सुती कापडापेक्षा जास्त चिवटपणे बसतं. घामातला तेलकट अंशही त्यात अडकून राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो.

म्हणून कपडे वर आणि खाली असे वेगळे निवडा. कमरेच्या खाली ग्रीसचा धोका जास्त, तिथे सुती किंवा बहुतांश सुती ट्विल. कमरेच्या वर घामाचा प्रश्न, तिथे सायकल चालवण्यापुरता पातळ, लवकर वाळणारा टीशर्ट, आणि ऑफिसचा शर्ट पिशवीत. दुकानात दिसणारे निम्मे ‘कम्यूटर’ कपडे ही विभागणी पाळत नाहीत. दोन्ही ठिकाणी तेच ताणणारं सिंथेटिक कापड आणि किंमत तिप्पट.

मग ऑफिसचा शर्ट घालूनच निघता येणार नाही का?

येतं, पण तीन अटींवर. रस्ता सपाट हवा, अंतर चार-पाच किलोमीटरच्या आत हवं आणि पाठीवर सॅक नको. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या सकाळच्या गारव्यात हे आरामात जमतं. एप्रिल-मेमध्ये आणि जूननंतरच्या दमट दिवसांत जमत नाही. मुंबईत किंवा कोकणपट्टीत तर वर्षभर शर्ट बदलायचाच असं धरून चाला. तिथे घाम तयार होतो तितक्या वेगाने हवा तो उचलतच नाही.

घालूनच जायचं असेल तर रंग बघून शर्ट घ्या. ओलं कापड गडद दिसतं आणि तो फरक मधल्या रंगांवर सर्वात जास्त उठतो: आकाशी, राखाडी, खाकी. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो कमी दिसतो. बारीक चौकटी किंवा बारीक छापा असेल तर डोळ्याला डागाची कडाच सापडत नाही. ऑफिसमध्ये सर्वात लोकप्रिय असलेला आकाशी पॉपलीनचा शर्ट सायकलसाठी मात्र सर्वात वाईट.

ऑफिसला पोहोचल्यावर शर्ट बदलला, तरी दहा मिनिटांत तोही ओला होतो. असं का?

कारण तुम्ही फार लवकर बदलता. सायकल थांबली तरी शरीर आतून गरमच असतं आणि घामाचं काम सुरू राहतं. उलट, चालवताना अंगावरून जाणारा वारा बंद झाल्यामुळे थांबल्यावरच घाम जास्त जाणवतो. त्या अवस्थेत कोरडा शर्ट चढवला की तो टॉवेलचं काम करतो.

आधी दहा ते पंधरा मिनिटं त्याच ओल्या टीशर्टमध्ये थांबा, शक्यतो पंख्याखाली किंवा सावलीत. पार्किंगपासून लिफ्टऐवजी जिन्याने धावत जाणं त्या दिवशी टाळा. मग ओल्या पंच्याने मान, काखा, पाठ पुसा, कोरडं करा आणि त्यानंतर शर्ट घाला. पंचा मुद्दाम म्हणतोय. जाड टर्किश टॉवेल पिशवीत जागा खातो आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही.

दुसरा उपाय रस्त्यावरच करायचा आहे. नऊ किलोमीटर ताशी 18 च्या वेगाने गेलात तर अर्धा तास लागतो. 22 ने गेलात तर साडेचोवीस मिनिटं. वाचली साडेपाच मिनिटं, पण वारा कापायला लागणारी ताकद पावणेदोन पटीहून जास्त झाली आणि ती लावताना अंगात उष्णताही तशीच वाढली. ती साडेपाच मिनिटं पंख्याखाली परत द्यावीच लागतात.

पँटला काळं लागतं ते नेमकं कुठून? चेनकव्हर असूनही लागतं.

डाग नीट बघितला तर तो स्वतःच सांगतो. जवळजवळ सगळ्या सायकलींची चेन उजव्या बाजूला असते, म्हणून डाग उजव्या पायावर. पुढचं त्याच्या आकारावरून.

पोटरीच्या आतल्या बाजूला कमानीत बसलेले ठिपके असतील आणि दोन ठिपक्यांमध्ये साधारण अर्ध्या इंचाचं अंतर असेल, तर ते पुढच्या दातेरी चाकाचे दात आहेत. चेनच्या दोन कड्यांमधलं अंतरही अर्धा इंचच असतं. हा डाग सहसा चालवताना लागत नाही. सिग्नलला उतरून सायकल अंगावर कलती धरली की लागतो, किंवा तळघरातल्या पार्किंगमधून सायकल उचलून नेताना. थांबल्यावर डावा पाय टेकवायची आणि सायकलच्या डाव्या बाजूने चालायची सवय लावली की हा डाग जवळपास बंद होतो. त्यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही.

लांबट, ओढल्यासारखा पट्टा आणि त्याच्या टोकाला कापड चुरगळलेलं किंवा फाटलेलं दिसलं, तर पँटचा सैल बॉटम चेन आणि चाकाच्या मध्ये गेला होता. इथे पट्टी लागते. त्याबद्दल पुढे.

बुटावर, मोज्यावर आणि पोटरीच्या खालच्या भागात बारीक शिंतोडे असतील तर चेनला तेल जास्त झालंय. ते फिरताना उडतं. अर्धवट चेनकव्हर, म्हणजे फक्त वरच्या बाजूची पट्टी, हे शिंतोडे अडवत नाही. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींना चेन पूर्ण झाकणारा डबा असायचा, त्यामुळे धोतर आणि पायजमा घालून लोक बिनघोर जायचे. मागे बाहेरचे गियर असलेल्या सायकलींना तो बसत नाही, कारण गियर बदलताना चेन आडवी सरकते.

पट्टी, क्लिप, की पँट मोज्यात खोचायची?

रुंद वेल्क्रोची पट्टी. पत्र्याची अर्धगोल क्लिप स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तासभर घातली की कापडावर वळ उठतो आणि तो इस्त्रीशिवाय जात नाही. पट्टी घोट्याच्या वर बांधा आणि जादा कापडाची घडी पायाच्या बाहेरच्या बाजूला घ्या. आतल्या बाजूला घेतलीत तर नेमकी तीच घडी चेनला घासते. बॉटम सात इंचांच्या आसपास असलेल्या पँटला बऱ्याचदा पट्टीही लागत नाही.

मोज्यात खोचणं चालतं, फक्त पार्किंगमधून वर जाण्याआधी बाहेर काढायचं लक्षात ठेवा.

चेनला तेल देऊच नये का मग?

द्यायचं, पण बाहेरून पुसायचं. चेनला वंगण हवं ते कड्यांच्या आतल्या रोलरमध्ये. बाहेरच्या पत्र्यावरचं तेल फक्त धूळ धरतं. तेल, धूळ आणि झिजलेल्या लोखंडाची भुकटी मिळून जे होतं तेच आपलं ‘काळं ग्रीस’. घट्ट ग्रीस चेनला लावणं आणि बाइकचं काढलेलं काळं ऑइल ओतणं, हे दोन्ही प्रकार गल्लीतल्या दुकानात अजून चालतात. पँटच्या दृष्टीने दोन्ही सारखेच वाईट.

रीत अशी: जुन्या बनियनचा तुकडा चेनभोवती धरा आणि पायडल उलटं फिरवा. कापड बदलत राहा, जोवर नव्या तुकड्यावर काळ्याऐवजी करडं उमटत नाही तोवर. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब पातळ तेल. पायडल थोडं फिरवून दहा-पंधरा मिनिटं सोडा, आणि पुन्हा कोरड्या कापडाने बाहेरून जितकं निघेल तितकं पुसा. शेवटी चेन बोटाने दाबली तर बोटावर पुसट रेघ यावी, काळा ठसा नाही. आठवड्याला एकदा नुसतं पुसणं पुरतं, तेल दर वेळी नको.

चेनला तेलाऐवजी वितळलेलं मेण देणारेही आहेत. त्याने काळं जवळजवळ होतच नाही, पण आधी चेन जुन्या तेलापासून पूर्ण धुऊन काढावी लागते, आणि मेण पावसात टिकत नाही. पुण्यात ऑक्टोबर ते मे हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे.

‘डाग न पडणारी’ पँट ग्रीस थांबवते का?

बहुतेक नाही. अशा कापडावर पाणी दूर लोटणारा लेप असतो. जुने लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते, ते पाणी आणि तेल दोन्ही लोटायचे. पर्यावरणाच्या कारणाने ती रसायनं आता मागे पडत आहेत आणि बरेचसे नवे लेप फक्त पाणी लोटतात. म्हणजे चहा सांडला तर ओघळून जाईल, चेनचं तेल मात्र आत शिरेल.

तपासायचं असेल तर घरी आणल्यावर, लेबल काढण्याआधी, बॉटमच्या आतल्या दुमडीवर एक थेंब पाणी आणि शेजारी गोडेतेलाचा एक बारीक थेंब ठेवा. दोन्ही मोत्यासारखे उभे राहिले तर पैसे वसूल. तेल पसरलं तर ती पँट पावसासाठी घ्या, ग्रीससाठी नाही. लेप धुण्यागणिक कमी होतो. आतल्या लेबलवर परवानगी असेल तर हलक्या इस्त्रीने तो काही प्रमाणात परत उठतो.

मग पँट कशी बघून घ्यायची?

सुती ट्विल, दोन-तीन टक्के ताणणारा धागा, गडद रंग. निळा, कोळशासारखा करडा किंवा गडद तपकिरी. एकदम काळा नको, त्यावर धूळ आणि घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेषा दोन्ही उठून दिसतात.

सायकलवाल्याची पँट गुडघ्यात जात नाही, आसनात जाते. चारही शिवणी जिथे एकत्र येतात तो जाड गाठीसारखा भाग सीटवर घासतो. शिंप्याकडून शिवून घेत असाल तर आसनाला पतंगाच्या आकाराचा जादा तुकडा जोडायला सांगा, जसा जुन्या लेंग्याला असायचा. शिवणी त्या जागेवरून बाजूला सरकतात आणि पँट पुष्कळ जास्त टिकते. मागची कंबर अर्धा-पाऊण इंच उंच ठेवायला सांगितलंत तर पुढे वाकल्यावर शर्ट बाहेर येत नाही.

ग्रीस लागलंच. आता?

पाणी लावू नका आणि चोळू नका. जागेवर जे वर-वर साचलंय ते कागदाच्या कडेने खरवडून उचला. ऑफिसमध्ये असाल तर त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी दाबून ठेवा, संध्याकाळपर्यंत जमेल तितकं तेल ती ओढून घेईल.

घरी गेल्यावर डागाखाली जुना पांढरा कपडा ठेवा. भांडी घासायचं पातळ लिक्विड पाणी न मिसळता डागावर टाका आणि कापडाच्या उलट बाजूने जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, म्हणजे काळं आत न जाता खालच्या कपड्यावर उतरेल. वीसेक मिनिटं ठेवून, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्याने धुवा. पाणी आधी लावलं तर ते धाग्यात जाऊन बसतं आणि साबण तेलापर्यंत पोहोचायच्या आधीच पातळ होतो.

आता महत्त्वाचं. ओल्या कापडावर तेलाचा डाग दिसत नाही, सगळंच गडद असतं. सावलीत वाळवून, दिवसाच्या उजेडात बघा. दिसला तर हाच सगळा खटाटोप पुन्हा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने उरलेलं तेल कापडात पक्कं बसतं. पँट थेट इस्त्रीवाल्याकडे जात असेल तर घरात तसं सांगून ठेवा. बहुतेक कायमचे डाग तिथे पक्के होतात.

दोन-तीन वेळा करूनही करडी छाया राहिली तर ते तेल नाही, लोखंडाची भुकटी आहे. गडद पँटवर ती दिसत नाही. रॉकेलने डाग सुटतो हे खरं, पण ते स्वतः तेलकट आणि पेट घेणारं आहे. वापरायचंच तर सुती कापडावर, शेगडीपासून लांब, आणि नंतर वरची साबणाची कृती पूर्ण करून.

धुतलेला टीशर्ट घातल्यावर अर्ध्या तासात परत वास का मारतो?

ताज्या घामाला वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा वास येतो, आणि पॉलिस्टरमध्ये अडकलेला तेलकट थर त्यांना मानवतो. धुताना तो थर निघाला नाही तर अंगाच्या उबेने सगळं पुन्हा सुरू.

अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घालून टीशर्ट उलटा करून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा आणि उलटाच उन्हात वाळवा. फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याने धाग्यावर थर बसतो, घाम शोषून पसरवण्याचं काम मंदावतं आणि वास आणखी टिकतो. ऑफिसला पोहोचल्यावर ओला टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, खुर्चीच्या मागे नको असेल तर सायकलच्या हँडलला टांगून या.

काखेतला पिवळा डाग ही वेगळी गोष्ट. तो बहुधा घामरोधक रोल-ऑनमधलं अ‍ॅल्युमिनिअम आणि घाम यांच्या मिश्रणाचा असतो. क्लोरीनच्या ब्लीचने तो जास्त पिवळा पडू शकतो, तेव्हा ब्लीच नको.

मेरिनो लोकर घ्यावी का?

वास येत नाही हे तिचं कौतुक खरं आहे. पण महाग आहे, नीट धुतली नाही तर आटते, आणि आपल्याकडे थंडीचे दोन महिने सोडले तर त्या पैशांत चार पातळ टीशर्ट येतात.

इस्त्रीचा शर्ट पिशवीत न चुरगळता कसा न्यायचा?

घडी नको, गुंडाळी करा. सगळी बटणं लावून शर्ट पालथा पसरा, बाह्या पाठीवर सरळ आडव्या घ्या. पाठीवर वर्तमानपत्राचं दुहेरी पान ठेवा आणि खालच्या काठापासून कॉलरकडे सैल गुंडाळत या. कॉलर बाहेरच्या बाजूला राहते आणि दबत नाही. गुंडाळी सॅकमध्ये सर्वात वर, डब्याच्या खाली कधीच नाही. भाजीचा रस्सा सांडण्याची शक्यता ग्रीसपेक्षा जास्त आहे.

त्याहून सोपं म्हणजे ज्या दिवशी बसने किंवा गाडीने जाता त्या दिवशी तीन-चार शर्ट हँगरसकट नेऊन ठेवणं. बूट आणि ब्लेझर तर ऑफिसमध्येच राहू द्यावेत.

सॅक पाठीवर न्यावी लागते. पाठ भिजतेच.

भिजणारच. जाळीदार पाठीच्या सॅकने थोडा फरक पडतो, फार नाही. कॅरिअरला बाजूने अडकवायची पिशवी घ्या. या पानावरचा एकच खर्च करायचा ठरवला तर हा करा.

साडी, सलवार-कमीज घालून जाता येतं का?

येतं, पण कपड्यापेक्षा सायकल तशी हवी. मधला दांडा खाली असलेली, चेन पूर्ण झाकलेली आणि मागच्या चाकाच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळी असलेली. ती जाळी लेडीज सायकलला पूर्वी सर्रास असायची. दुकानदार हल्ली ‘कशाला पाहिजे’ म्हणतात, पण मागून घ्या.

सलवारऐवजी चुडीदार किंवा लेगिंग बरी. कमीज गुडघ्याच्या वर आणि बाजूचे काप मोठे हवेत, नाहीतर पायडल मारताना कापड मांडीवर ताणून शिवण उसवते. ओढणी गळ्यात अजिबात नको. चाकात गेली तर प्रश्न डागाचा राहत नाही. ती पिशवीत न्या. साडीला पदर कमरेत खोचून पिन, आणि निऱ्या एका बाजूला घेऊन घोट्याच्या वर. अस्तर लावलेल्या ब्लाउजला काखेत घामाचे पॅड टाचून घेता येतात, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळतात. कॉटनच्या साडीला घाम दिसतो पण ती वाळते. सिंथेटिक साडी उलट.

पावसात काय?

रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो आणि आतलं कोंडतो. अर्ध्या तासात माणूस आतून तितकाच भिजतो. जुलैत सरळ हाफ पँट आणि सँडल घाला, भिजा, आणि पोहोचल्यावर सगळंच बदला. मडगार्ड मात्र दोन्ही चाकांना लांब हवेत, पुढच्याला खाली रबराची झडप लावून. तिच्याशिवाय पुढच्या चाकाचं चिखलपाणी थेट पायांवर आणि चेनवर येतं, आणि पावसानंतरच्या आठवड्यात पँटवर दिसणारं काळं बरंचसं तिथलंच असतं.

एखाद्या खऱ्या रस्त्यावर हे सगळं कसं बसतं ते सांगाल?

कोथरूड डेपो ते बाणेर घेऊ, चांदणी चौकातून बावधन, पाषाणमार्गे, नऊएक किलोमीटर. चढ सुरुवातीलाच आहे, आणि कपड्यांच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. सव्वाआठला निघा. अंगात पातळ, लवकर वाळणारा टीशर्ट, खाली ऑफिसचीच गडद निळी ट्विलची पँट, उजव्या पायाला पट्टी, शर्टची गुंडाळी कॅरिअरवरच्या पिशवीत. चढावर वेग पडतो, वारा लागत नाही, सगळा घाम इथेच येतो. म्हणून सर्वात हलका गियर आणि घाई नाही. चौक ओलांडल्यावर पाषाणपर्यंत बहुतेक उतार. तिथे पायडल जवळजवळ थांबवा आणि वाऱ्याला काम करू द्या. टीशर्ट बराचसा इथेच वाळतो.

नऊच्या आत बाणेर. पार्किंगमध्ये डावीकडून उतरा, पट्टी सोडा, पोटरीवर एक नजर टाका. सव्वानऊपर्यंत पंखा, मग पंचा आणि शर्ट. साडेनऊच्या मीटिंगला पोहोचता. संध्याकाळी परतताना पाषाणपासून चौकापर्यंत बहुतेक चढच असतो आणि तुम्ही घामाघूम होऊन घरी पोहोचता, तेव्हा ऑफिसचा शर्ट काढून सकाळचा टीशर्ट घालूनच निघा.

आणि हेल्मेटने विस्कटलेले केस?

ओला हात फिरवा. दुसरा उपाय नाही.